ट्रॅकिऑस्टॉमी सक्शन: प्रत्येक पायरीमागचं ‘का’

प्रश्न: मॅडम, मी नेरूळला बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या आठवड्यात स्किल्स लॅबमध्ये ट्रॅकिऑस्टॉमी केअर आणि सक्शनचं प्रात्यक्षिक आहे. पायऱ्या पाठ आहेत, पण आमच्या मॅडम प्रत्येक पायरीला ‘का?’ विचारतात आणि मी तिथेच अडते. कारणांसकट कोणी सांगेल का?

उत्तर:

पायऱ्यांची यादी थोडा वेळ बाजूला ठेव आणि एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. सक्शनची नळी श्वासनलिकेत गेली की ती फक्त बेडका ओढत नाही, रुग्णाच्या फुफ्फुसातली हवाही ओढते. नळी आत असते तेवढा वेळ आपण त्याचा श्वास काढून घेत असतो. कोणती नळी घ्यायची, दाब किती, किती सेकंद, आधी ऑक्सिजन कशाला, या सगळ्यांची उत्तरं बहुतेक इथूनच निघतात. मी वीसेक वर्षं आयसीयूत काढली, आता ठाण्यात विद्यार्थ्यांना शिकवते. ज्यांना हे एवढं उमगतं त्यांचा क्रम सहसा चुकत नाही.

खाली मी एकच प्रकार धरला आहे. मोठ्या माणसाला बसवलेली, कफ म्हणजे हवेचा फुगा असलेली, आत काढता-घालता येणारी इनर कॅन्युला असलेली ट्यूब. लॅबच्या डमीवर बहुधा हीच असते. लहान मुलांचे आकडे वेगळे आहेत, ते यात मिसळू नकोस.

सक्शन कधी करायचं

परीक्षेत पहिली गफलत इथे होते. ‘दर दोन तासांनी सक्शन’ असं उत्तर देऊ नकोस. दर दोन तासांनी रुग्ण तपासायचा, सक्शन गरज असेल तेव्हाच करायचं. प्रत्येक वेळी नळी श्वासनलिकेच्या नाजूक अस्तराला घासते, तिथे सूज येते, कधी रक्त येतं, आणि चिडलेलं अस्तर आणखी स्राव तयार करतं. म्हणजे विनाकारण केलेलं सक्शन पुढच्या सक्शनची गरज निर्माण करतं.

गरज ओळखायची ती कानाने, डोळ्याने आणि हाताने. ट्यूबमधून घुरघुर ऐकू येते. ट्यूबच्या तोंडाशी बेडका दिसतो. छातीवर स्टेथोस्कोप ठेवला की खरखर लागते, तळहात ठेवला तरी कंप जाणवतो. श्वासाचा वेग वाढतो, रुग्ण अस्वस्थ होतो, सॅच्युरेशन खाली येऊ लागतं. व्हेंटिलेटरवर असेल तर ग्राफची रेष करवतीच्या दातांसारखी दिसायला लागते. सॅच्युरेशन घसरण्याची वाट बघायची नसते, ते बरंच उशिरा सांगतं. घुरघुर त्याच्या आधी सांगते.

रुग्ण जागा असेल तर आधी त्याला खोकायला सांग. जोरात खोकून बेडका ट्यूबच्या तोंडापर्यंत आला, तर तिथल्या तिथे टिपून घेता येतो, नळी आत घालावीच लागत नाही.

तयारी: नळी, दाब, लांबी

या तीन मोजमापांत निम्मं प्रात्यक्षिक आलं, म्हणून इथे सावकाश जाऊ.

आधी नळीची जाडी. सक्शन कॅथेटरचा बाहेरचा व्यास ट्यूबच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नको. कॅथेटर फ्रेंचमध्ये मोजतात आणि ३ फ्रेंच म्हणजे १ मिलिमीटर. ट्यूबच्या फ्लँजवर आतला व्यास छापलेला असतो. समजा तो ८ मिमी आहे. त्यातून २ वजा करायचे आणि २ ने गुणायचं: (८ − २) × २ = १२ फ्रेंच. ७ मिमीची ट्यूब असेल तर १० फ्रेंच. कॅथेटरच्या मागच्या टोकाला रंग असतो. १० ला काळा, १२ ला पांढरा, १४ ला हिरवा, १६ ला केशरी. घाईत आकडा वाचायला वेळ नसतो, म्हणून रंग पाठ कर. एक मात्र लक्षात ठेव. काही कंपन्यांच्या ट्यूबचा ‘साइज नंबर’ आणि आतला व्यास सारखे नसतात, त्यामुळे हिशोब नेहमी मिलिमीटरमधल्या आतल्या व्यासावर कर.

आता ‘निम्माच का?’ याचं उत्तर. १२ फ्रेंच म्हणजे ४ मिमी. ८ मिमीच्या भोकात ४ मिमीची नळी गेली तर व्यास निम्मा व्यापला, पण जागा फक्त पाव भाग व्यापली. उरलेल्या पाऊण भागातून बाहेरची हवा आत येत राहते. आपण जेवढं ओढतो त्याची भरपाई होत राहते. त्याच ट्यूबमध्ये १६ फ्रेंच घातली तर निम्म्याच्या जवळपास जागा गेली. आता हवा बाजूने पुरेशी येत नाही, ती फुफ्फुसातूनच ओढली जाते, आणि लहान वायुकोश मिटतात. ‘बेडका घट्ट आहे, जाड नळी दे’ असं वॉर्डात अजूनही कोणीतरी म्हणतं. घट्ट बेडक्यावर जाड नळी हा इलाज नाही. खरा इलाज ओलावा आहे, त्याकडे पुढे येतेच.

मग दाब. मोठ्या माणसासाठी ८० ते १२० मिमी मर्क्युरी. तुझ्या लॅबच्या प्रोटोकॉलमध्ये वरची मर्यादा १५० लिहिलेली असू शकते, तशी असेल तर ती सांग, पण सुरुवात कमी दाबानेच कर. दाब बघताना ट्यूबिंग चिमटीत दाबून बंद करायचं आणि मग गेजवरचा आकडा वाचायचा. तोंड उघडं असताना गेज कमी दाखवतं. आत नळीचं टोक अस्तराला चिकटलं की दाब एकदम पूर्ण चढतो. अस्तराला खरोखर जो दाब बसणार आहे, तोच आपल्याला आधी बघायचा असतो. दाब जास्त झाला तर कॅथेटरच्या बाजूच्या भोकात अस्तर ओढलं जातं आणि नळी बाहेर काढताना सोललं जातं. बेडक्यात ताजे लाल ठिपके दिसले की मी आधी गेज बघते.

तिसरं मोजमाप खोलीचं. जुन्या पद्धतीत ‘अडेपर्यंत घाला, मग एक सेंटिमीटर मागे घ्या’ असं शिकवत. अडतं ते कुठे? श्वासनलिका जिथे दुभागते त्या कॅरायनावर. तिथे टोक आपटलं की जोराची खोकल्याची उबळ येते आणि व्हेगस नर्व्ह चेतवली जाऊन नाडी मंदावू शकते. म्हणून आता लांबी आधी मोजून ठेवायची. पलंगाशी त्याच मापाची जादा ट्यूब ठेवलेलीच असते. ती कनेक्टरपासून टोकापर्यंत मोजायची आणि त्यात अर्धा ते एक सेंटिमीटर मिळवायचा. समजा मोजल्यावर ११ सेंमी भरली, तर कॅथेटर १२ सेंमीच्या पुढे जाणार नाही. हा आकडा पलंगाशी लिहून लावायचा, म्हणजे रात्रपाळीच्या सिस्टरला अंदाज करावा लागत नाही.

बाकीचं सामान यादीप्रमाणे मांड. फक्त ॲम्बू बॅग, ऑक्सिजन, त्याच मापाची एक आणि एक माप लहान अशी जादा ट्यूब, ऑब्च्युरेटर आणि १० मिलीची सिरिंज हे सगळं हाताशी दिसलं पाहिजे, कपाटात नको. लॅबमध्ये मी या वस्तूंकडे विद्यार्थ्याने बोट दाखवल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

प्रत्यक्ष सक्शन

आधी रुग्णाशी बोल, डमी असला तरी. ट्यूबमुळे त्याला आवाज नाही, तो ‘थांबा’ म्हणू शकत नाही. ‘काका, आता नळी घालून बेडका काढते. खोकला येईल, दहा आकडे होईपर्यंतच. नको झालं तर हात वर करा.’ एवढं सांगितलेला रुग्ण आणि न सांगितलेला रुग्ण यांच्या मुठीकडे बघ. न सांगितलेला पलंगाचा कठडा गच्च धरून बसलेला असतो.

पलंगाची डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर. हात धुणं, मास्क, चष्मा, ॲप्रन. उभं राहताना अगदी समोर नको, जरा बाजूला. खोकल्याचा फवारा तोंडातून येत नाही, ट्यूबमधून येतो, आणि तो थेट तुझ्या चेहऱ्याच्या दिशेने असतो.

आता ३० ते ६० सेकंद १०० टक्के ऑक्सिजन. कारण तुला कळलंच असेल. पुढचे काही सेकंद आपण हवा काढून घेणार आहोत, तर आधी साठा भरून ठेवायचा. व्हेंटिलेटरवर त्यासाठी बटण असतं. ॲम्बूने देत असशील आणि ट्यूबच्या तोंडाशीच बेडका दिसत असेल, तर आधी तेवढा टिपून घे, नाहीतर बॅग दाबताना तो खाली ढकलला जाईल.

निर्जंतुक ग्लोव्ह्ज घाल. ज्या हाताने लिहितेस तो हात निर्जंतुक, तो फक्त कॅथेटरला लागेल. दुसरा हात स्वच्छ मानायचा, तो ट्यूबिंग धरेल, ऑक्सिजन बाजूला करेल, अंगठ्याने सक्शनचं भोक बंद करेल. नाक हे आपलं गाळणं. ट्यूब बसवल्यावर हवा नाकाला वळसा घालून सरळ खाली जाते, म्हणून कॅथेटरवरचा जंतू अडवायला मध्ये काही उरलेलं नसतं. दोन हातांची कामं अदलाबदल झाली की परीक्षक तिथेच थांबवतात, आणि बरोबर करतात.

कॅथेटरचं टोक थोड्या निर्जंतुक सलाईनमध्ये बुडवून ओढून बघ. नळी ओली होते आणि सक्शन चालतंय याची खात्री होते. मग अंगठा उचललेला ठेवून, म्हणजे सक्शन बंद असताना, कॅथेटर मोजलेल्या लांबीपर्यंत हळूच आत. जाताना सक्शन चालू ठेवलं तर वाटेभर ऑक्सिजन ओढला जातो आणि टोक अस्तराला चिकटत जातं, बेडका असतो तिथे पोहोचायच्या आधीच. ठरल्या लांबीवर पोहोचलीस की अंगठा ठेव आणि बोटांमध्ये कॅथेटर हलकेच फिरवत बाहेर घे. फिरवल्याने बाजूची भोकं सगळीकडून स्राव घेतात आणि एकाच जागी ओढ बसत नाही. वरखाली ढोसायचं नाही.

सक्शन १० सेकंदांचं, नळी आत जाण्यापासून बाहेर येईपर्यंत सगळं मिळून १५ च्या आत. सेकंद मोजायची माझी पद्धत सांगते. नळी आत जाताना मी स्वतः श्वास रोखते. मला हवा घ्यावीशी वाटली की रुग्णाला ती कधीच हवी असणार.

बाहेर आल्यावर लगेच पुन्हा ऑक्सिजन, आणि मॉनिटरकडे बघ. सॅच्युरेशन आणि नाडी आधीच्या आकड्यावर येईपर्यंत थांबायचं, निदान ३० सेकंद ते एक मिनिट. त्या वेळात कॅथेटरमधून सलाईन ओढून ते साफ कर. एका बैठकीत तीनपेक्षा जास्त वेळा आत नको. नाडी मंदावली किंवा सॅच्युरेशन कोसळलं, तर बेडका उरला असला तरी थांब आणि ऑक्सिजन दे.

शेवटी त्याच कॅथेटरने तोंड साफ करता येतं, पण तोंडातून ते पुन्हा ट्यूबमध्ये कधीही नाही. छातीकडून तोंडाकडे, उलट नाही.

बेडका घट्ट असेल तर ट्यूबमध्ये ५ मिली सलाईन टाकून मग सक्शन करायची पद्धत तुला वॉर्डात दिसेल. रोजच्या सवयीने ते करू नकोस. सलाईन आणि घट्ट बेडका एकमेकांत मिसळत नाहीत, टाकलेल्यातलं बरंचसं सलाईन आतच राहतं, सॅच्युरेशन उतरतं, आणि ट्यूबच्या आत चिकटलेले जंतू खाली धुतले जातात.

कॅथेटर आत जात नाही तेव्हा

हा भाग डमीवर नीट दाखवता येत नाही, म्हणून एक प्रसंग सांगते. मी तेव्हा ठाण्यातल्या एका हॉस्पिटलच्या वॉर्डात रात्रपाळीला होते. डोक्याला मार लागलेले पन्नाशीतले रिक्षाचालक, ट्रॅकिऑस्टॉमीला नववा दिवस, ८ मिमीची ट्यूब, टी-पीसवर ऑक्सिजन. पहाटे तीनच्या सुमारास सॅच्युरेशन ९६ वरून ९० वर आलं. घुरघुर नव्हती. उलट बारीक शिट्टीसारखा आवाज होता आणि गळ्याच्या खाचेत प्रत्येक श्वासाला खड्डा पडत होता. बरोबरच्या नव्या सिस्टरने बरोबर मापाचं पांढऱ्या टोकाचं कॅथेटर घेतलं, ते ७ सेंमीवर अडलं. ती म्हणाली, ‘ताई, थोडा जोर देऊ का?’

जोर द्यायचा नाही. ट्यूबच्या आत ७ सेंमीवर कॅरायना नसते, तिथे ट्यूबच असते. म्हणजे अडथळा ट्यूबमध्ये आहे, आणि जोर दिला तर गोळा खाली सरकून वाट पूर्ण बंद होईल. मी तिला डॉक्टरांना बोलवायला सांगितलं, ऑक्सिजन वाढवला, तोंडावरही मास्क लावला, आणि फ्लँज एका हाताने धरून इनर कॅन्युला फिरवून बाहेर काढली. तिच्या टोकाकडच्या भागात तपकिरी, वाळलेल्या डिंकासारखा गोळा अडकला होता. मध्ये जेमतेम काडी जाईल एवढं भोक उरलं होतं. आतली नळी निघाल्याबरोबर ते जोरात खोकले, सॅच्युरेशन ८६ पर्यंत गेलेलं होतं ते दोनतीन मिनिटांत ९५ वर आलं. कॅथेटर आता सहज गेलं. जादा इनर कॅन्युला बसवली तोवर डॉक्टर आले.

नंतर कारण शोधलं. ऑक्सिजनला जोडलेल्या ह्युमिडिफायरच्या बाटलीतलं पाणी संपलेलं होतं, आणि संध्याकाळपासून कोणी पाहिलं नव्हतं. त्यात मीही आले. बाहेर जुलैचा पाऊस होता, खिडकीच्या काचा ओलसर होत्या, आणि रुग्णाच्या छातीत मात्र पाइपमधला कोरडा ऑक्सिजन जात होता. नाक हवा गरम करतं, ओली करतं. ते काम आता कोणीच करत नव्हतं, म्हणून बेडका वाळत गेला. सक्शन चांगलं होतं की नाही याहून ओलावा पुरेसा आहे का, हे आधी बघायचं असतं.

यातून तुझ्या उत्तरासाठी क्रम घे. कॅथेटर जात नाही, तर मदत बोलाव, तोंडावर आणि ट्यूबवर दोन्हीकडे ऑक्सिजन दे, इनर कॅन्युला काढ, पुन्हा कॅथेटर घालून बघ. तरीही जात नसेल तर कफमधली हवा काढायची, म्हणजे ट्यूबच्या बाजूने तरी श्वास जाईल. त्यानेही भागलं नाही तर ट्यूबच काढावी लागते, आणि तो निर्णय आलेल्या अनुभवी माणसाचा. एक बारकावा आहे. काही ट्यूबमध्ये ॲम्बूला जोडायचा कनेक्टर इनर कॅन्युलालाच असतो. ती काढली की ॲम्बू बसत नाही, म्हणून जादा कॅन्युला पाकिटातून काढून हाताजवळ हवी. आपल्या रुग्णाची ट्यूब यातली कोणती, हे पाळी सुरू होतानाच बघून ठेवायचं.

ट्यूबची स्वच्छता

सक्शन आधी, मग इनर कॅन्युला, मग स्टोमाभोवतीची त्वचा, मग गॉज, शेवटी फीत. हाच क्रम, कारण साफसफाईत रुग्ण खोकणारच. आधी सक्शन झालं नसेल तर नवं गॉज लावताक्षणी भिजतं.

इनर कॅन्युला निदान दर ८ तासांनी काढून बघायची, स्राव जास्त असेल तर लवकर. ती काढताना दुसऱ्या हाताने फ्लँज धरून ठेव, नाहीतर ओढ पूर्ण ट्यूबवर येते. निर्जंतुक सलाईनमध्ये ब्रशने आतून घासायची, उजेडाकडे धरून आरपार बघायची, झटकून मग बसवायची. फिरवून ‘टक्’ असं कुलूप लागलं की नाही, ते बोटाने तपास. न लागलेली कॅन्युला खोकल्याबरोबर उडून येते. हायड्रोजन पेरॉक्साइड तुझ्या प्रोटोकॉलमध्ये असेल तरच, आणि नंतर सलाईनने पूर्ण धुऊन, कारण उरलेला अंश अस्तराला जाळतो.

त्वचा सलाईनच्या गॉजने भोकापासून बाहेरच्या दिशेने पुसायची, प्रत्येक वेळी नवा गॉज, शेवटी कोरडी करायची. त्वचा ओली राहिली की ती पांढरट, भिजलेली होते आणि सोलवटते. गॉज तयार कापलेलाच वापर. साधा गॉज कात्रीने मधोमध कापलास तर कडेचे धागे सुटतात आणि श्वासाबरोबर भोकात जातात.

फीत बदलताना दोन माणसं. एक ट्यूब धरून ठेवेल, दुसरा बदलेल. एकटी असशील तर नवी फीत पूर्ण बांधून झाल्यावरच जुनी काप. मान थोडी पुढे वाकवून बांधायची आणि फितीखाली एक बोट जाईल एवढीच ढिली. मान मागे असताना बांधलेली फीत मान सरळ होताच सैल पडते, हे डमीवर करून बघ.

एवढी काळजी कशासाठी, तर ट्यूब जागेवर धरते ती फीत, फुगवलेला कफ नाही. शस्त्रक्रियेनंतर साधारण पहिल्या आठवड्यात गळ्यातली वाट अजून तयार झालेली नसते. तेव्हा ट्यूब निघाली आणि तू आपल्या मनाने परत घालायला गेलीस, तर ती श्वासनलिकेच्या पुढच्या ऊतींमध्ये शिरू शकते. वरून ट्यूब बसलेली दिसते आणि हवा मात्र छातीत जात नाही. अशा वेळी मदत बोलव, वरची वाट मोकळी असेल तर भोकावर गॉज दाबून तोंडानाकावर मास्क ठेवून ॲम्बूने श्वास दे. स्वरयंत्रच काढलेला रुग्ण असेल तर तोंडातून श्वास जाणारच नाही, तिथे ऑक्सिजन भोकावरच. म्हणून कोणत्या कारणाने ट्यूब बसवली, हे पलंगाशी लिहिलेलं असायला हवं.

कफ म्हणजे कोणता कफ

मराठीत ही अडचण खरीच आहे. छातीतलाही कफ आणि ट्यूबवरचा फुगाही कफ. राउंडला डॉक्टर ‘यांचा कफ काढून घ्या’ म्हणाले आणि एका नवीन मुलीने सिरिंज लावून फुग्यातली हवा काढली, हे मी पाहिलं आहे. फुग्याच्या वर तोंडातली लाळ आणि स्राव साचलेला असतो. तो सगळा एकदम खाली गेला, रुग्णाला खोकल्याची भयंकर उबळ आली. तेव्हापासून मी छातीतल्याला बेडका किंवा स्राव म्हणते, फुग्यालाच कफ म्हणते, आणि विद्यार्थ्यांनाही तेच सांगते. कफ मुद्दाम सोडायचा असेल तेव्हा आधी तोंड आणि घसा साफ करायचा, याचं कारणही हेच.

कफचा दाब २० ते ३० सेंमी पाणी, मॅनोमीटरने, प्रत्येक पाळीत. पायलट बलून बोटाने दाबून ‘ठीक वाटतंय’ म्हणणं चालत नाही, बोटाला २५ आणि ५० यातला फरक कळत नाही. २० च्या खाली गेला तर स्राव कडेने छातीत झिरपतो. ३० च्या वर गेला तर अस्तराचा रक्तपुरवठा दाबला जातो आणि तिथे जखम होते.

नोंद

बेडका किती, रंग, घट्टपणा, वास, रक्त. सक्शनच्या आधीचं आणि नंतरचं सॅच्युरेशन व नाडी. कॅथेटरचं माप, किती वेळा आत घातलं, रुग्णाने कसं सोसलं. इनर कॅन्युला, कफचा दाब, त्वचा. सकाळी पातळ पांढरा असलेला बेडका संध्याकाळी घट्ट पिवळा लिहिलेला दिसला, तर पुढची सिस्टर ह्युमिडिफायरची बाटली बघेल आणि डॉक्टरांना कळवेल. रक्ताच्या बाबतीत एक वेगळं. सक्शननंतरचे दोनचार ठिपके नोंदवून दाब तपासायचा. पण शस्त्रक्रियेला काही दिवस होऊन गेल्यावर ट्यूबमधून किंवा भोकातून अचानक ताजं लाल रक्त आलं, आपोआप थांबलं तरी, नोंद लिहीत बसू नकोस, त्याच मिनिटाला डॉक्टरांना बोलव. श्वासनलिकेच्या पुढून जाणारी मोठी धमनी ट्यूबने घासली गेल्याची ती पहिली खूण असू शकते, आणि दुसरा रक्तस्राव थांबत नाही.